वचपा

आमच्या मराठीत ‘वचपा’ हा मोठा धोक्याचा शब्द आहे. गेलेले भरून काढणे यालाही आपण वचपा काढणे म्हणतो आणि सूड उगवणे यालाही वचपा काढणे म्हणतो. भरपाई आणि सूड या दोन अगदी निराळ्या गोष्टी. पण बोलताना आपण त्या एकाच पिशवीत कोंबतो, आणि माणसाच्या मनातही त्या तशाच कोंबलेल्या असतात. शेअरबाजारातल्या मंडळींनी या प्रकाराला ‘रिव्हेंज ट्रेडिंग’ असे भारदस्त नाव दिले आहे. सौदा अंगाशी आला, की तोच पैसा त्याच बाजाराकडून, आणि तोही आत्ताच्या आत्ता, वसूल करायला धावणे, हा त्याचा अर्थ. यात बाजाराला गंमत अशी, की त्याला आपले नावही ठाऊक नसते.

हे केवळ अडाण्यांना होते असे समजू नये. शिकागो येथील वायदेबाजारात स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या मुरलेल्या व्यापाऱ्यांच्या १९९८ सालच्या नोंदी कोव्हल आणि शम्वे या दोन अभ्यासकांनी तपासल्या आणि २००५ साली निष्कर्ष छापले. सकाळी ज्यांचे नुकसान झाले, ते व्यापारी दुपारी नेहमीपेक्षा जास्त जोखीम उचलण्याची शक्यता, सकाळी नफ्यात असलेल्यांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी अधिक निघाली. ज्यांचा जन्म त्या रिंगणात गेला त्यांची ही कथा. मग घरी डायनिंग टेबलावर मोबाईल टेकवून बसलेल्या आपल्या पोरांची काय सांगावी? सेबीने २०२४ सालच्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तीन वर्षांच्या हिशेबात तोट्यात होते. ते सगळे वचप्यानेच बुडाले असे नव्हे. पण या यादीत वचप्याचा वाटा कसा पडतो, हे एका दिवसाच्या कागदांवरून मला पाहायला मिळाले, तेच सांगतो.

माझा एक भाचा नोकरी सांभाळून निफ्टीचे ऑप्शन घेतो. २०२५ च्या जुलैत त्याच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने, मला बोलावून घेतले. पाच वर्षांच्या बचतीतून लग्नानंतरच्या बिऱ्हाडासाठी ठेवलेले दोन लाख रुपये त्याने या खात्यात घातले होते, आणि एका सकाळीत त्यातले जवळजवळ एकोणतीस हजार गेले होते. “मामा, बाजारच उलटा फिरला,” असे त्याचे म्हणणे. मी त्याच्याकडे ट्रेडबुक मागितले, म्हणजे दलालाच्या अ‍ॅपवरून उतरवून घेता येणारी सौद्यांची वेळवार यादी. हस्तलिखित तपासताना अक्षर कुठे बदलले, हे पाहण्याची आम्हां मराठीच्या मास्तरांना खोडच असते. या यादीतही अक्षर बदललेले दिसत होते.

निफ्टीचा लॉट तेव्हा ७५ चा होता. पहिला सौदा ९.३१ चा. एक लॉट कॉल १२० रुपयांना घेतला. बाजार खाली आला तर ९५ ला बाहेर पडायचे, असा स्टॉप लॉस आधीच लावलेला होता. तो ९.५२ ला लागला. पंचवीस गुणिले पंचाहत्तर, तोटा १,८७५. दुसरा सौदा अठ्ठावीस मिनिटांनी, पुन्हा एकच लॉट, ११० ला घेतला आणि १०.४१ ला ८६ वर सुटला, तोटा १,८००. इथवर सारे शहाण्यासारखे. दोन लाखांच्या मुद्दलावर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे २,००० पेक्षा जास्त घालवायचे नाहीत, हे त्याने पाळले होते.

तिसरा सौदा मात्र १०.४३ चा, दोनच मिनिटांनी. एकदम चार लॉट, तोच कॉल ९८ ला. स्टॉप लॉसची ऑर्डरच नाही. ७० ला विकला, तोटा ८,४००. त्यानंतर एका मिनिटात आठ लॉट ६४ ला घेतले आणि ४७ ला सोडले, १०,२००. मग चिरंजीवांना बाजार पडतोच आहे असा साक्षात्कार झाला आणि त्यांनी दोन मिनिटांत उलटा पवित्रा घेऊन आठ लॉट पुट ८२ ला घेतला. बाजाराने तेवढ्यात मान वर केली, आणि तो ७१ ला सुटला. तोटा ६,६००. वेळ ११.४०. एकूण २८,८७५.

वहीत पहिल्या दोन सौद्यांपुढे ‘का घेतला’ ते लिहिले होते. पुढच्या तिघांपुढे कोरी जागा. वचपा ओळखायचा तो असा. तोटा झाल्यापासून पुढची ऑर्डर जाईपर्यंत किती मिनिटे गेली, लॉट वाढले का, स्टॉप लॉस होता का, आणि कारण लिहिले का, एवढेच पाहावे. त्या दिवशीच्या बाजाराची उलथापालथ पहिल्या दोन सौद्यांत ३,६७५ रुपयांची होती. बाकीचे २५,२०० रुपये बाजाराने नेले नाहीत, त्याने स्वतः नेऊन दिले. आणि उरलेल्या १,७१,१२५ वरून पुन्हा दोन लाखांवर यायचे तर जवळजवळ १७ टक्के मिळवावे लागतात, हे गणित वेगळेच.

“यापुढे डोकं शांत ठेवीन” हे त्याचे वचन मी मुळीच मान्य केले नाही. शांत डोक्याने दिलेले वचन तापलेल्या डोक्याला बांधील नसते. म्हणून नियम असा हवा, की तो पाळण्यासाठी त्या क्षणी शहाणपणाची गरजच पडू नये. बाजार स्वतःही हेच करतो. निर्देशांक १० टक्के कोसळला की आपले शेअरबाजार ठराविक वेळ थांबवले जातात. १३ मार्च २०२० च्या सकाळी असेच झाले. पंचेचाळीस मिनिटे सौदे बंद राहिले, आणि त्याच दिवशी बाजार चढून बंद झाला. दर वेळी चढतोच असे नाही, २३ मार्चला थांबूनही तो पुढे पडलाच. पण ऑर्डरी सोडण्याआधी माणसांना श्वास तरी घेता आला.

आम्ही ठरवले ते असे. लागोपाठ दोन सौदे तोट्यात गेले की एक तास सुट्टी. आणि हा तास तोटा झाल्यापासून नव्हे, तर लॅपटॉप मिटून फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्यापासून मोजायचा. पडद्यावरचे आकडे बघत काढलेला तास हा विश्रांतीचा नसतो, तो दबा धरून बसण्याचा असतो. परत आल्यावर एकच लॉट. तोही तोट्यात गेला, किंवा दिवसाचा तोटा ६,००० ला टेकू लागला, की त्या दिवसाचे दुकान बंद. जुलैतल्या त्या सकाळी हा नियम असता, तर तिसरा सौदा ११.४१ च्या आधी झालाच नसता, आणि तो पुरता फसला तरी तोटा ५,६७५ वर थांबला असता.

दुकान बंद करायला काही दलालांच्या अ‍ॅपवर ‘किल स्विच’ नावाची सोय असते. तो दाबला की तो विभाग बंद होतो, आणि काही ठिकाणी १२ तास उघडत नाही. सकाळी अकराला दाबला तर रात्री अकराला उघडणार. तोवर निफ्टीचा बाजार केव्हाच झोपलेला. कुलूप लावून किल्ली शेजारणीकडे देण्यासारखेच हे आहे.

आता पळवाटा. यात आमचे चिरंजीव फार हुशार. लागोपाठ दोन तोटे हे मोजमाप चाळीस रुपयांच्या फुटकळ नफ्यानेही मोडते. म्हणून तर दिवसाच्या एकूण तोट्याची दुसरी भिंत हवी. निफ्टीचा विभाग बंद झाला तरी कच्च्या तेलाचा आणि नैसर्गिक वायूचा वायदेबाजार रात्री साडेअकरापर्यंत तरी चालू असतो. कुलूप तिथेही लावावे लागते. बायकोच्या किंवा आईच्या नावाचे खाते ही तिसरी वाट. पण सर्वांत लबाड पळवाट म्हणजे तोटा ‘मोजायचाच’ नाही, सौदा सोडायचाच नाही. सोडला नाही म्हणजे तो दुसरा तोटा झाला नाही! यावर उपाय एकच. सौदा घेतल्याबरोबर स्टॉप लॉसची ऑर्डर अ‍ॅपमध्ये गेलीच पाहिजे, मनातला स्टॉप लॉस धरायचा नाही. त्यातही मर्यादा आहे. ऑप्शनमध्ये ट्रिगरबरोबर किमतीची मर्यादाही घालावी लागते, आणि भाव एका उडीत ती मर्यादा ओलांडून गेला तर ऑर्डर तशीच लटकत राहते. तेव्हा थोडी सैल मर्यादा ठेवणे बरे.

आणि या नियमाकडून भलती अपेक्षाही करू नये. ज्याचे शंभरांत पंचेचाळीस सौदे नफ्यात जातात, त्याच्याही कुठल्याही सलग तीन सौद्यांत तिन्ही तोट्याचे निघण्याची शक्यता सहांत एक इतकी असते. म्हणजे लागोपाठ तोटे हा पद्धत चुकल्याचा पुरावा नव्हे, आणि चौथा सौदा वाईटच जाईल असेही नव्हे. पद्धतच मुळात तोट्याची असेल तर तासाभराच्या विश्रांतीने ती सुधारणार नाही. पैसे सावकाश जातील, इतकेच. नियम बाजाराला उद्देशून नाही, त्या दोन मिनिटांत चार लॉट घेणाऱ्या हाताला उद्देशून आहे.

त्याची किंमतही पडते. ऑक्टोबरात एकदा दिवसाचे कुलूप लागल्यावर बाजार नेमका त्याच्या बाजूने धावला. दुपारी फोन आला, “मामा, तुमच्या नियमानं माझे चौदा हजार बुडवले!” मी म्हटले, “अरे, ते तुझे होते कधी?” तो चिडून गप्प झाला. त्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. वर्षाकाठी असे काही दिवस येणारच, आणि त्यांचा हिशेबही वहीत लिहायला मी त्याला सांगितले आहे. नाहीतर सहा महिन्यांनी त्याला फक्त हुकलेले चौदा हजार आठवतील आणि वाचलेले विसरतील.

नियमात शेवटचे कलम ताईने घातले. नियम बदलायचा असेल तर तो रविवारीच बदलायचा, लेखी, तिच्या सहीने, आणि अंमल पुढच्या रविवारपासून. एक तासाचा अर्धा तास करावा, असा पहिला अर्ज तिच्यापुढे आला आहे. वहीतले तासानंतरचे सगळे सौदे बेरीज करून आण, मग पाहू, असा त्यावर शेरा पडला आहे.