खरेदी व्यवस्थापकाला पटणारी केस स्टडी

पॅकेजिंग पुरवठादाराची केस स्टडी म्हणजे एका ग्राहकाची अडचण नेमकी काय होती, ती कशी सोडवली आणि त्यातून किती फायदा झाला, याची एक-दोन पानी हकिगत. कारखान्याचा खरेदी व्यवस्थापक ती एका ठरावीक गरजेपोटी वाचतो. खोक्यामागे दोन-तीन रुपये जास्त मोजायचे असतील, तर त्याला लेखा विभागाला आणि गुणवत्ता विभागाला उत्तर द्यावे लागते. ते उत्तर देता येईल इतकी माहिती त्याला या पानांत मिळायला हवी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना दरमहा पाचपदरी पुठ्ठ्याची १२,००० खोकी वापरतो. पावसाळ्यात वितरकांकडून तक्रारी येतात, की थप्पीतली खालची खोकी चेपलेली असतात. माल आत घेताना खोक्यांची बर्स्टिंग चाचणी होते आणि त्यात ती पास होतात. तरीही गोदामात ती दबतात.

इथे केस स्टडीने कारण उलगडून सांगायला हवे. बर्स्टिंग चाचणीत पुठ्ठा किती दाबाला फुटतो ते कळते, पण थप्पीचा भार खोके किती पेलेल ते कळत नाही. त्यासाठी कॉम्प्रेशन चाचणी असते. भरलेले खोके १४ किलोचे आणि थप्पी सात खोक्यांची असेल, तर सर्वांत खालच्या खोक्यावर ८४ किलो भार येतो. कागद दमट हवेत मऊ पडतो, बरेच दिवस भाराखाली राहिला की आणखी खचतो. म्हणून चाचणीतली ताकद प्रत्यक्ष भाराच्या काही पट ठेवतात. इथे चारपट धरली, तर ती ३३६ किलो हवी. जुने खोके २९० किलोला दबत होते. शिवाय खोकी पॅलेटच्या कडेबाहेर येत होती. खोक्याचा बराचसा भार त्याचे कोपरे पेलतात आणि नेमके तेच अधांतरी राहत होते.

पुरवठादाराने आतल्या नळीदार थराचा कागद बदलला, पॅलेटवर नीट बसेल असे माप दिले आणि नव्या खोक्याची ताकद ३८० किलोवर नेली. किंमत ४२ रुपयांवरून ४५ रुपये झाली. ही वाढ लपवू नये. वाचणारा ती शोधतोच, आणि सापडली नाही तर बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

त्यानंतर हिशेब मांडावा. वाढीव खर्च महिन्याला ३६,००० रुपये. खराब खोक्यांचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांवर आले, म्हणजे २१६ ऐवजी ४८ खोकी, १६८ कमी. परतीचे भाडे, पुन्हा पॅकिंग आणि क्रेडिट नोट मिळून एका खराब खोक्यामागे ४५० रुपये जात असतील, तर बचत ७५,६०० रुपये. निव्वळ फायदा महिन्याला ३९,६०० रुपये. नव्या डायसाठी एकदाच २५,००० रुपये लागले असतील, तर ते पहिल्याच महिन्यात वसूल होतात. खराब खोक्यामागचा ४५० रुपयांचा आकडा ग्राहकाच्या लेखा विभागाकडूनच घ्यावा. तो पुरवठादाराने अंदाजाने धरला, तर पुढचा सगळा हिशेब लटका पडतो.

सर्वांत मोठी चूक तुलनेत होते. जुलैचे जुने आकडे आणि डिसेंबरचे नवे आकडे शेजारी ठेवले, तर नुकसान घटलेले दिसणारच, कारण हवा कोरडी झालेली असते. तुलना गेल्या वर्षीच्या जुलै ते सप्टेंबरची यंदाच्या त्याच महिन्यांशी करावी. मधल्या काळात वाहतूकदार बदलला असेल किंवा थप्पीची उंची कमी केली असेल, तर तेही नमूद करावे. ते लपवून सगळे श्रेय खोक्याला दिले, तर पहिल्याच बैठकीत कोणीतरी नेमका तोच प्रश्न विचारतो.

मर्यादाही लिहाव्यात. थप्पी दहा खोक्यांची झाली, तर खालच्या खोक्यावर १२६ किलो येतात आणि ३८० किलोची ताकद जेमतेम तिप्पट उरते, हे स्पष्ट सांगावे. हलका माल तीन खोक्यांच्या थप्पीत ठेवणाऱ्या कारखान्याला या बदलाची गरज नाही, हेही सांगावे.

छापण्याआधी ग्राहकाची लेखी परवानगी घ्यावी. नाव द्यायला तो तयार नसेल, तर 'पंपाचे भाग बनवणारा कारखाना' एवढे पुरते, पण आकडे वापरण्याची संमती तरीही लागते. दुसऱ्या ग्राहकाचा खरेदी दर त्याला न विचारता उघड करणाऱ्या पुरवठादाराला कोणताही खरेदी व्यवस्थापक आपला दर सांगणार नाही.