पाटी कोरी ठेवा, अक्षरं नंतर बसवा

एआयने काढलेल्या बाजारपेठेच्या चित्रात दुकानं हुबेहूब उतरतात, पण पाटीवर अनेकदा शिरोरेषेला लटकलेल्या अगम्य आकृत्या दिसतात. असं मॉडेल अक्षरं टाइप करत नाही, रंगवतं. म्हणून जोडाक्षरं आणि वेलांट्या आधी बिघडतात.

उपाय सोपा आहे. पाटी कोरीच मागायची आणि मजकूर नंतर बसवायचा.

समजा, पिवळ्या पाटीवर ‘श्री गणेश किराणा स्टोअर्स’ हवं आहे. मुक्ता किंवा बलू या युनिकोड फाँटमध्ये ते वेगळ्या लेअरवर मोठ्या आकारात टाइप करावं. लगेच ‘कि’ आणि ‘र्स’ पाहावेत. वेलांटी क-च्या उजवीकडे गेली किंवा रफार सुटून ‘र्‌स’ असं दिसलं, तर दोष फाँटचा नसून बहुधा मांडणीचा असतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये त्यासाठी World-Ready Layout निवडावं लागतं. गिंपमध्ये अशी वेगळी निवड लागत नाही.

मग लेअरचे चार कोपरे पाटीच्या कोपऱ्यांना समांतर ओढायचे. गडद अक्षरांसाठी Multiply मोड लावला की पाटीवरचे डाग आणि सावल्या अक्षरांतून दिसतात.

खरी फसगत इथून पुढे होते: अक्षरं पाटीपेक्षा जास्त रेखीव राहतात आणि चिकटवल्यासारखी वाटतात. चित्र १०० टक्क्यांवर पाहून अक्षरांची कड पाटीच्या चौकटीच्या कडेशी ताडावी, आणि तेवढाच किंचित ब्लर व दाणेदारपणा द्यावा. निऑनच्या पाटीला एवढं पुरत नाही. तिचा उजेड भिंतीवरही रंगवावा लागतो.