सांबारात चिंच कधी घालावी?

सांबार बिघडले की दोष बहुधा मसाल्याला दिला जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा चूक असते क्रमाची. डाळ, भाज्या आणि चिंच एकाच वेळी कुकरमध्ये घातली, तर डाळ नीट गळत नाही, शेवग्याची शेंग चिवट राहते आणि आंबटपणा वेगळा जाणवतो. यामागे साधे रसायनशास्त्र आहे.

डाळीच्या आणि भाज्यांच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात आणि पदार्थ मऊ पडतो. आम्लयुक्त पाण्यात मात्र ते सहज विरघळत नाही. चिंचेत टार्टारिक आम्ल भरपूर असते. म्हणून चिंचेच्या पाण्यात डाळ कितीही उकळली तरी दाताखाली येते. आपल्याकडे आमटीत आमसूल डाळ शिजल्यावरच घालतात, तेही याच कारणाने.

तमिळ घरांतल्या साध्या पद्धतीने चौघांचे सांबार करायचे, तर अर्धी वाटी म्हणजे साधारण 100 ग्रॅम तूरडाळ घ्यावी. ती अर्धा तास भिजवून, हळद आणि थेंबभर तेल घालून कुकरमध्ये अगदी मऊ शिजवावी आणि गरम असतानाच घोटावी. दाणा शिल्लक राहिला, तर सांबार थोडा वेळ ठेवल्यावर डाळ तळाशी बसते आणि वर पाणी तरंगते. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियममुळेही डाळ शिजायला वेळ लागतो. अशा वेळी सोडा घालू नये. डाळ लवकर मऊ होते, पण ‘ब-1’ जीवनसत्त्व नष्ट होते. जास्त वेळ भिजवणे आणि शक्य असल्यास गाळणीयंत्राचे पाणी वापरणे बरे.

डाळ शिजेपर्यंत छोट्या लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजत घालून तिचा कोळ काढावा. दुसऱ्या पातेल्यात दोन वाट्या पाणी आणि थोडे मीठ घालून आधी शेवग्याच्या शेंगा आणि सांबाराचे छोटे कांदे शिजवावेत. लाल भोपळा लवकर विरघळतो, म्हणून तो पाच मिनिटांनी टाकावा. भाज्या सुरी सहज जाईल इतक्या, पण जरा घट्ट असतानाच चिंचेचा कोळ ओतावा. आता तेच आम्ल उपयोगी पडते. भाज्यांचे मऊ होणे मंदावते आणि पुढच्या उकळ्यांत भोपळ्याचे तुकडे आकार धरून राहतात.

कोळ घातल्यावर सात-आठ मिनिटे उकळू द्यावे. चिंचेचा कच्चा वास वाफेबरोबर निघून जातो. आंबटपणा मात्र जात नाही, कारण टार्टारिक आम्ल उडून जाणारे नाही. उलट पाणी आटले की तो वाढतो. त्यामुळे कच्चा वास गेला का, हे नाकाने ओळखावे. जिभेने या टप्प्यावर निर्णय घेऊ नये. डाळ पडली की आंबटपणा सौम्य होणारच असतो.

यानंतर दोन चहाचे चमचे सांबार मसाला थोड्या गार पाण्यात कालवून घालावा. कोरडाच टाकला तर गुठळ्या होतात, कारण त्यात धने, मिरची, मेथी यांच्यासोबत बहुधा डाळींचे पीठही असते. चार-पाच मिनिटांत ते पीठ शिजते आणि रस्सा किंचित दाट होतो. मसाला फार आधी घालून उकळत ठेवला, तर सुगंध वाफेबरोबर जातो.

घोटलेली डाळ सर्वांत शेवटी घालावी. ती तळाला लागते, म्हणून मंद आचेवर ढवळत फक्त पाच मिनिटे ठेवावी. चव आता घ्यावी. आंबट वाटले तर थोडी डाळ किंवा सुपारीएवढा गूळ. सपक वाटले तर मीठ वाढवण्याआधी चमचाभर कोळ घालून पाहावा. आंबटपणामुळे खारटपणा अधिक जाणवतो, त्यामुळे कमी मिठात भागते. रक्तदाब असलेल्यांसाठी ही गोष्ट कामाची आहे. मात्र कोळ नंतर घातल्यास पुन्हा दोन-तीन मिनिटे उकळावे.

मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीची फोडणी गॅस बंद केल्यावर ओतून झाकण ठेवावे. यांचा वास तेलात उतरतो आणि झाकणामुळे आतच राहतो. सांबार निवताना दाट होते, तेव्हा उतरवताना ते हवे त्यापेक्षा थोडे पातळच असावे.

100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे चौघांत प्रत्येकी पाचेक ग्रॅम. डाळीचे प्रमाण कमी करून केवळ मसाल्याने दाट केलेल्या सांबारात ती मिळत नाहीत.