बिघाड एकच, गोळीही एकच

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात जवळपास निम्म्या रुग्णांच्या गाठीत बीराफ नावाच्या प्रथिनात बिघाड सापडतो. बहुतेकदा तो एकच असतो: ६०० व्या जागी व्हॅलीनऐवजी ग्लुटामेट हे अमिनो आम्ल. २००२ मध्ये हे उजेडात आले. बीराफला जखडणारी व्हेम्युराफेनिब ही गोळी २०११ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. चाचणीत निम्म्या रुग्णांच्या गाठी चांगल्याच आक्रसल्या होत्या. साहजिकच तोच बिघाड असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती देऊन पाहिली. तिथे शंभरात जेमतेम पाचांना गुण आला.

असे का व्हावे? पेशीच्या आवरणात ईजीएफआर हे प्रथिन आरपार रोवलेले असते. वाढीचा संदेश घेऊन आलेला रेणू बाहेरून त्याला चिकटला की शेजारचे दोन ईजीएफआर जोडी करतात आणि आतल्या बाजूला लोंबणाऱ्या एकमेकांच्या शेपटीवर, टायरोसिन या अमिनो आम्लावर, फॉस्फेट चढवतात. फॉस्फेट चढवणाऱ्या अशा प्रथिनांना कायनेज म्हणतात. त्या फॉस्फेटला धरून मधली प्रथिने गोळा होतात आणि रास चालू होते. रास बीराफला जागे करते, बीराफ मेकवर फॉस्फेट चढवते, मेक ईआरकेवर. ईआरके केंद्रकात शिरून पेशीला विभाजनाकडे ढकलते.

पण ईआरके तेवढ्यावर थांबत नाही. काम भागले की ती उलट वर जाऊन ईजीएफआरलाच दाबते, म्हणजे संदेश आपोआप ओसरतो. बिघडलेले बीराफ रासची वाट न पाहता अखंड चालूच राहते. ईआरके सतत तापलेली, आणि तिच्या दाबाखाली ईजीएफआर मुकाट.

आता गोळी घ्या. बीराफ थांबते, ईआरके थंडावते, आणि त्याबरोबर वरचा दाबही सुटतो. ईजीएफआर उसळून रासला चालू करते. रास राफ घराण्यातल्या प्रथिनांच्या जोड्या जुळवते आणि अशा जोड्यांवर गोळीची पकड ढिली पडते. थोड्याच वेळात ईआरके पुन्हा कामाला. मेलानोमाच्या पेशींत बहुधा ईजीएफआर फारच कमी, म्हणून तिथे गोळीचे साधले; आतड्याच्या पेशींत ते भरपूर.

२०१२ मध्ये ॲमस्टरडॅममधल्या रेने बर्नार्ड्स यांच्या गटाने हे दाखवले, आणि पद्धत मला फार आवडते. आतड्याच्या कर्करोगपेशींना गोळी द्यायची आणि सोबत एकेका कायनेजचे जनुक गप्प करून बघायचे, कोणते गेले की पेशी मरतात. उत्तर आले ईजीएफआर.

त्यामुळे आता दोन्हीकडून अडवतात: बीराफसाठी एन्कोराफेनिब, ईजीएफआरसाठी सेटुक्सिमॅब. अमेरिकेत २०२० मध्ये या जोडीला परवानगी मिळाली. तरी गाठ लक्षणीय आक्रसते ती पाचांतल्या एकाचीच. आणि पुढे काहींच्या गाठीत रासमध्येच नवा बिघाड होतो, मग वर ईजीएफआर कितीही घट्ट बांधून ठेवले तरी संदेश खालून सुरू होतो.