मीटिंगमध्ये एकच जण बोलतोय? मग तुमचं नुकसान सुरू झालंय

या आठवड्याच्या व्हिडिओत चिठ्ठीवाल्या मीटिंगबद्दल थोडक्यात बोललो होतो. ती नक्की घ्यायची कशी, हे आज सविस्तर लिहितो. आधी माझ्याच दुकानातली एक चूक सांगतो, कारण ही पद्धत मी त्या चुकीतूनच शिकलो.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. आम्ही मी धरून पाच जण. दरवर्षी एप्रिलमध्ये शाळेच्या सीझनची ऑर्डर ठरवायला सगळे एकत्र बसतो. त्या वर्षी विषय होता दप्तरांचा. मी बसता बसताच विचारलं, "बोला, काय मागवायचं?" आमचे सगळ्यात जुने सेल्समन काका लगेच म्हणाले, "कार्टूनची दप्तरं! मागच्या वर्षी नुसती उडाली. १२० घ्या, डोळे झाकून." मी मान डोलावली. गोडाऊन बघणारा मुलगा "हो काका" म्हणाला. बिलिंगला बसणारी ताई काहीतरी सांगायला लागली होती, पण तेवढ्यात काकांनी डीलरच्या स्कीमचा विषय काढला आणि तिचं राहिलं ते राहिलंच. दहा मिनिटांत मीटिंग संपली आणि मी खूश, कारण निर्णय झटपट झाला!

ऑगस्टअखेर ४७ दप्तरं पडून होती. एक ३८० रुपयांना पडलं होतं, म्हणजे १७,८६० रुपये अडकले. तेव्हा ताई म्हणाली, "सर, मला आधीच वाटत होतं." तिच्याकडे एक वही होती. मागच्या सीझनला चेन तुटली म्हणून कोण परत आलं, पाचवीच्या पुढच्या मुलांचे पालक 'साधं, दोन कप्प्यांचं आहे का' असं किती वेळा विचारून रिकाम्या हाताने गेले, हे सगळं त्यात होतं. माल विकला जातो तेव्हा काका समोर असतात. तक्रार येते ती मात्र काउंटरवर. दोघंही खरंच सांगत होते, पण मी एकाचंच ऐकलं.

"मला आधीच वाटत होतं" हे वाक्य लक्षात ठेवा. मीटिंग झाल्यावर चहाच्या टपरीवर किंवा गोडाऊनमध्ये हे वाक्य ऐकू येत असेल, तर तुमच्या मीटिंगमध्ये माहिती बाहेर येत नाहीये, असं समजा.

गप्प का बसतात?

आपण म्हणतो, "तिच्यात कॉन्फिडन्स नाही." मीही हेच म्हणायचो. बीबीएला आमच्या ग्रुप डिस्कशनमध्ये ज्याचा आवाज मोठा त्यालाच मार्क मिळायचे, त्यामुळे डोक्यात तेच बसलेलं. पण कारण बहुतेक वेळा माणसात नसतं, बोलण्याच्या क्रमात असतं.

पहिला माणूस आकडा बोलला की पुढची सगळी चर्चा त्या आकड्याभोवती फिरते. १२० म्हटल्यावर कोणी १०० म्हणेल, कोणी १३०, पण 'कार्टूनचीच का?' हा प्रश्न मागे पडतो. त्यात मालकाने मान डोलावली की विषयच संपला. दुसरं म्हणजे, एका वेळी एकच जण बोलू शकतो. बाकीचे थांबतात, आणि थांबता थांबता आपला मुद्दा विसरतात किंवा 'जाऊ दे, आता काय उपयोग' म्हणून सोडून देतात. डील आणि श्ट्रोबे या दोन संशोधकांनी १९८७ साली यावर प्रयोग मांडले होते. एकत्र बसून आळीपाळीने बोलणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसं वेगवेगळी बसली तर जास्त कल्पना देतात, आणि याचं मोठं कारण हे थांबणंच आहे, असं त्यात दिसलं.

म्हणून "ताई, तू पण बोल ना" म्हणून भागत नाही. क्रम बदलावा लागतो.

चिठ्ठीवाली मीटिंग

या पद्धतीचं पुस्तकी नाव नॉमिनल ग्रुप टेक्निक. डेलबेक आणि व्हॅन द व्हेन यांनी ती १९७१ मध्ये मांडली. दुकानासाठी मी ती अशी वापरतो:

१. प्रश्न फळ्यावर लिहायचा, आणि तो नेमका हवा. "काय करूया?" असं नाही. "दप्तरांच्या ऑर्डरमध्ये मागच्या वर्षीपेक्षा एक काय बदलायचं, आणि का?" असं.

२. पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं. मालकानेही. कोणाचं आधी झालं तरी बोलायचं नाही.

३. एकेकाने एकच मुद्दा वाचायचा. सुरुवात सगळ्यात नवीन माणसापासून, मालक शेवटी. मध्ये 'हो, पण' चालणार नाही. मुद्दा त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहायचा.

४. सगळे मुद्दे फळ्यावर आले की मग चर्चा. आता काकांना हवं तेवढं बोलू द्या, कारण आता त्यांच्या आवाजाने कोणाचा मुद्दा पुसला जाणार नाही.

५. शेवटी प्रत्येकाने पसंतीचे दोन मुद्दे चिठ्ठीवर लिहून द्यायचे. मोजायचे, आणि निर्णय मालकाने कारण सांगून घ्यायचा.

पुढच्या एप्रिलला आम्ही हेच केलं. पाचपैकी दोन चिठ्ठ्यांवर 'साधी दप्तरं' होतं. एक ताईची, आणि दुसरी त्या "हो काका" म्हणणाऱ्या मुलाची! काकांचा मुद्दाही उपयोगाचा निघाला: पहिली ते चौथीला कार्टूनच चालतं. आम्ही ६० कार्टूनची आणि ६० साधी घेतली, भाव तोच. ऑगस्टअखेर ११ उरली, म्हणजे ४,१८० रुपये. एका सीझनवरून मी पद्धतीची गॅरंटी देणार नाही, पण वहीतली माहिती या वेळी ऑर्डरच्या आधी आली, नंतर नाही.

तुम्हीच गप्प बसणारे असाल तर?

तुमच्यापैकी बरेच जण अजून नोकरीत आहात, किंवा घरच्या धंद्यात मोठ्या भावासमोर, सासऱ्यांसमोर बसता. तिथे फळा तुमच्या हातात नसतो. मग हे करा.

आदल्या दिवशी मीटिंग घेणाऱ्याला एक ओळ सांगून ठेवा, आकड्यासकट: "उद्या चेनच्या तक्रारींचं दोन मिनिटं सांगायचंय, १४ नोंदी आहेत." आता तुमची पाळी त्यांच्या डोक्यात आधीच आहे. बोलताना सुरुवात आकड्याने करा, "मला असं वाटतं" ने नको. मध्येच कोणी तोडलं तर आवाज न चढवता म्हणा, "काका, माझं एक वाक्य राहिलंय, तेवढं पूर्ण करते," आणि परत आकड्यापासून सुरू करा.

आणि एक जोडीदार ठरवा. तुमचा मुद्दा हवेत विरला तर त्याने तुमचं नाव घेऊन तो परत मांडायचा. ओबामांच्या काळात व्हाइट हाउसमधल्या महिला कर्मचारी एकमेकींसाठी हेच करायच्या, म्हणजे दुसरा कोणी तो मुद्दा स्वतःचा म्हणून खपवू शकत नसे.

कुठे फसतं?

पाच जणांच्या दुकानात अक्षर ओळखू येतं. चिठ्ठीवर लिहिलेल्या गोष्टीवरून तुम्ही एकदा जरी कोणाला नंतर सुनावलंत, तर पुढच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्यांवर काकांचंच मत येईल. आणि काकांना मीटिंगमध्ये गप्प करू नका. नवी पद्धत त्यांना आदल्या दिवशी एकट्याला समजावून सांगा. तीस वर्षं काउंटरसमोर उभा राहिलेला माणूस दुखावला, तर तुम्ही एक आवाज मिळवून दुसरा घालवाल.

पुढच्या मीटिंगला एवढंच करून बघा: प्रश्न फळ्यावर लिहा, पाच मिनिटं घड्याळ लावा, आणि मान डोलवायची नाही!