मागचं चाक उचलताना

एकच मोटरसायकल, एकच चेन. डबल स्टँडवर लावून चेनचा सैलपणा मोजला तर एक माप येतं आणि मागे पॅडॉक स्टँड लावून मोजला तर दुसरं. चेन तीच असते, पण गाडी कुठे टेकलेली आहे ते बदललेलं असतं. डबल स्टँड गाडीची फ्रेम उचलतो. मग मागचा स्विंगआर्म, ज्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात, चाकाच्या वजनाने खाली लोंबतो. पॅडॉक स्टँड थेट चिमट्याला धरून उचलतो, त्यामुळे गाडीचं वजन मागच्या शॉकअबवर तसंच राहतं, जमिनीवर उभी असताना असतं तसं.

पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याची खीळ आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत चिमटा लोंबलेला असताना हे तीन बिंदू रेषेपासून दूर असतात, म्हणून डबल स्टँडवर चेन जास्त ढिली दिसते. ती ढिलाई पाहून चेन ओढून घेतली आणि मग दोन माणसं बसून खड्ड्यातून गेली, तर चेनला ताणायला जागाच उरत नाही. त्याचा भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि दोन्ही स्प्रॉकेटवर येतो. गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरच्या आकड्याशेजारी गाडी साइड स्टँडवर ठेवून मोजायचं की डबल स्टँडवर, हेही लिहिलेलं असतं. आकडा सगळे वाचतात, ही ओळ मात्र सुटते. खरं तर आधी ती वाचावी आणि मगच कोणता स्टँड लावायचा ते ठरवावं.

क्लासिक ३५० चं उदाहरण घेऊ. या गाडीला डबल स्टँड येतो आणि तिचं वजन १९५ किलो आहे. एवढं वजन हातांनी उचलायचं म्हटलं की कंबर धरणार, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. उचलायचं काम पायाचं आहे, हाताचं नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, गिअर न्यूट्रल. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहायचं, डावा हात हँडलच्या मुठीवर, उजवा हात सीटमागच्या लोखंडी पकडीवर. प्लॅस्टिकचा भाग धरायचा नाही, तो हातात येतो. गाडी सरळ करून उजव्या पायाने स्टँड खाली दाबला की त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत. गाडी किंचित डावी-उजवी हलवली की दोन्ही टेकल्याचं पायाला कळतं. एकच टेकला असेल आणि तसाच जोर लावला, तर गाडी पलीकडच्या बाजूला जाते आणि ती थांबवणं एका माणसाच्या हाताबाहेरचं असतं.

दोन्ही पाय टेकले की स्टँडच्या दांडीवर अंगाचं सगळं वजन टाकून उभं राहायचं. उजव्या हाताने गाडी फक्त वर आणि मागे न्यायची. गाडी मागे सरकतच स्टँडवर चढते, म्हणून पुढचा ब्रेक दाबून ठेवला तर ती कधीच चढणार नाही. चप्पल घालून हे करू नये. दांडीवरून पाय निसटला तर नडगी थेट लोखंडावर आपटते. मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी खाली बसलेली असते आणि उचलणं आणखी जड जातं. आधी हवा भरावी, नाहीतर मागचं चाक दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या फळीवर चढवून घ्यावं, म्हणजे तेवढं उचलायचं कमी होतं. स्टँडचे पाय मात्र फळीच्या बाहेर, जमिनीवरच हवेत.

डबल स्टँडवर चढलेली गाडी टिकते ती स्टँडचे पाय थोडे पुढे झुकून अडकल्यामुळे. म्हणजे गाडी पुढे ढकलली की ती उतरते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. गाडीचं तोंड उताराच्या खालच्या बाजूला असेल, तर चाक फिरवताना किंवा पान्ह्याला हिसका देताना ती अलगद पुढे येते. त्यामुळे तोंड चढाकडे ठेवावं आणि पुढच्या ब्रेकची लिव्हर मुठीशी जाड रबरबँडने बांधून टाकावी. पावसाळ्यात मातीवर किंवा सैल पेव्हर ब्लॉकवर स्टँड हळूहळू रुततो. तिथे त्याच्या पायांखाली रुंद, जाड प्लायवुड टाकावं.

ड्यूक ३९० सारख्या गाड्यांना डबल स्टँड नसतोच, म्हणून पॅडॉक स्टँड लागतो. त्याचे दोन प्रकार मिळतात. एकात चिमट्याच्या दोन्ही बाजूंना बोल्टने बसवलेल्या गोल बॉबिन स्टँडच्या खाचांत बसतात. दुसऱ्यात रबर लावलेले आडवे हात चिमट्याखाली टेकतात. बॉबिन बसवायची सोय असेल तर पहिलाच घ्यावा, कारण चिमट्याचा खालचा भाग तिरका असला तर रबरावरून घसरतो. बॉबिनच्या बोल्टची जाडी प्रत्येक गाडीत वेगळी असते, दुकानात नुसतं अंदाजाने घेऊ नये.

पॅडॉक स्टँडवर होणारा नेहमीचा अपघात गाडी उतरवताना घडतो. वर चढवल्यावर साइड स्टँड आडवा येतो म्हणून कोणीतरी तो आत घेतं, काम संपतं, स्टँडची दांडी वर उचलली जाते, आणि चाक जमिनीला लागल्यावर गाडीला टेकायला काहीच नसतं. साइड स्टँड पूर्ण वेळ बाहेर ठेवला की ही वेळ येत नाही. चढवताना शक्यतो दुसऱ्या माणसाने पुढे उभं राहून हँडल सरळ धरावं. एकट्याने करायचं तर गाडीच्या डाव्या बाजूला मागे उभं राहून डाव्या हाताने पकड धरून गाडी सरळ करायची, दोन्ही बॉबिन खाचांत बसल्याचं वाकून बघायचं, मगच उजव्या हाताने दांडी दाबत जमिनीला टेकवायची. अर्ध्यावर सोडली तर ती उसळून वर येते. पुढचं चाक काढायचं असेल तेव्हाही आधी मागचा स्टँड लावावा, पुढचा नंतर.

चाक हवेत आलं की चेन साफ करायला इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. चेन आपोआप फिरते, काम झटपट होतं. पण फडकं स्प्रॉकेटमध्ये ओढलं गेलं तर बोटही त्याच्याबरोबर जातं, आणि हात मागे घ्यायला माणसाला वेळ मिळत नाही. इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवायचं, तेही उलटं. ब्रश चेनच्या खालच्या बाजूला, मागच्या स्प्रॉकेटच्या पुढे धरला की चेन त्या स्प्रॉकेटपासून दूर जात राहते. खाली पुठ्ठा अंथरावा. तेल सांडलेल्या फरशीवर स्टँड आणि माणूस दोघेही घसरतात.

अ‍ॅक्सलचा नट मात्र गाडी जमिनीवर असतानाच ढिला करावा. लांब पान्ह्याला जोर लावून तो सुटतो, आणि तोच जोर स्टँडवरच्या गाडीला पाडायला पुरतो. मग गाडी वर चढवून चाक थोडं थोडं फिरवत चेन कुठे सर्वांत ताठ होते ते शोधावं, कारण झिजलेली चेन सगळीकडे सारखी नसते. सैलपणा त्याच ठिकाणी, दोन स्प्रॉकेटच्या मधोमध मोजायचा. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारख्याच खुणेवर आणून नट हाताला लागेल इतपत आवळायचा. चाक मोकळं फिरतंय हे बघून साइड स्टँड बाहेर काढावा, ब्रेकचा रबरबँड सोडावा आणि गाडी खाली घ्यावी. शेवटचं आवळणं जमिनीवर, टॉर्क पान्ह्याने. आवळताना अ‍ॅक्सल किंचित सरकतो, म्हणून पुस्तिकेत सांगितलेल्या स्थितीत गाडी ठेवून चेन पुन्हा एकदा मोजावी. कधीकधी तीन-चार मिलिमीटरचा फरक पडलेला निघतो आणि सगळं परत करावं लागतं.