बटण बंद, तरी सॉकेट गरम

मावशीचं घर पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. त्या घरात गेल्या पावसाळ्यात सकाळी सातच्या सुमाराला सुक्या मासळीसारखा वास यायला लागला. मावशीने पहिला संशय खालच्या मजल्यावर घेतला. खिडक्या लावून झाल्या, उदबत्त्या लावून झाल्या. मग एके दिवशी तिची सून हॉलमधला बोर्ड पुसायला गेली तर पांढऱ्या प्लेटवर, सॉकेटच्या डाव्या अंगाला, चहाचा थेंब वाळल्यासारखा तपकिरी डाग. पुसून जाईना. हात लावला तर प्लेट कोमट. वासही तिथलाच होता.

सॉकेट, होल्डर, स्विच यांच्यासाठी वापरलं जाणारं काही प्लास्टिक तापून विघटित व्हायला लागलं की नेमका असा मासळीसारखा, कधी मुतारीसारखा वास येतो. वायरीवरचं पीव्हीसी तापलं तर वास वेगळा, नाकात झोंबणारा. म्हणजे घरात मासे नसताना मासे शिजल्यासारखं वाटलं तर शेजाऱ्यांवर रागावण्याआधी एकदा बोर्डांवरून हात फिरवावा.

मावशीला कोडं पडलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या सॉकेटवर होता फक्त इंटरनेटचा राउटर. तो खातो दहा-बारा वॅट, म्हणजे अँपिअरच्या विसाव्या भागाइतका करंट. एवढ्याशा करंटने प्लेट तापेल कशी? त्याहून विचित्र म्हणजे एके सकाळी राउटरचं बटण बंद होतं, तरी प्लेट कोमटच. मावशीने निष्कर्ष काढला की सॉकेटच खराब. पण सहा महिन्यांपूर्वी तेच सॉकेट बदललेलं होतं, आणि डाग पुन्हा त्याच जागी आला होता.

उत्तर प्लेटच्या मागे होतं. आपल्याकडे बहुतेक घरांत मेन बोर्डातून प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र वायर येत नाही. एका बोर्डापर्यंत आलेली वायर तिथल्या स्क्रूखाली अडकवतात आणि त्याच स्क्रूखालून दुसरी वायर पुढच्या बोर्डाला नेतात. याला वायरमन ‘लूप मारणं’ म्हणतात. फेज बटणातून फिरते, पण काळी न्यूट्रल वायर बऱ्याचदा थेट सॉकेटच्या स्क्रूवर येते आणि तिथूनच पुढे जाते. बटण तोडतं ते फक्त त्या सॉकेटची फेज. न्यूट्रलचा स्क्रू बटणाच्या वाटेत येतच नाही. पुढच्या खोलीत जे काही चालू असेल त्याचा सगळा करंट या स्क्रूखालून जातो, हॉलमधलं बटण चालू असो की बंद. सॉकेट म्हणजे इथे नुसता बिचारा थांबा. गाडी कुणा दुसऱ्याच्याच प्रवाशांनी भरलेली.

मावशीच्या लूपवर पुढे बेडरूम होती. सकाळी तिथे ७५० वॅटची इस्त्री चाले, आणि काकांच्या गरम पाण्यासाठी १५०० वॅटची किटली. दोन्ही मिळून २२५० वॅट. आपल्या घरी दाब असतो २३० व्होल्ट, म्हणजे करंट जवळजवळ दहा अँपिअर.

घट्ट आवळलेल्या स्क्रूखाली तांब्याला तांबं नीट चिकटलेलं असतं आणि तिथला विरोध नगण्य, ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका असतो. स्क्रू सैल झाला की वायर दोन-चार ठिकाणीच टेकते. समजा तिथे विरोध पाव ओहम झाला. उष्णता काढायची तर करंटचा वर्ग गुणिले विरोध. दहाचा वर्ग शंभर, त्याचा पाव पंचवीस. म्हणजे पंचवीस वॅट. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे असते ती साधी सोल्डरिंगची इस्त्री पंचवीस वॅटचीच असते, आणि ती शिसं-कथील वितळवते. तीच भिंतीतल्या बंद डबीत, स्क्रूच्या डोक्याएवढ्या जागेत चालू ठेवल्यासारखं झालं.

एकटी इस्त्री चालू असेल तर करंट सव्वातीन अँपिअर, उष्णता जेमतेम पावणेतीन वॅट. करंट एक तृतीयांश, उष्णता मात्र एक नवमांश. म्हणून वास दिवसभर येत नव्हता. किटली लावली की पाच मिनिटांत यायचा आणि चहा होईतो विरायचा. मावशीला हे कळल्यावर ती म्हणाली, “म्हणजे मी ज्याला बोंबील म्हणत होते तो माझाच चहा होता!”

आता प्रश्न असा की एमसीबी का पडला नाही? त्याचं काम करंट मोजण्याचं. वायरच्या कुवतीपेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्ट झालं तर तो पडतो. इथे करंट होता दहा, एमसीबी सोळाचा. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल. करंट जमिनीकडे गळला तर पडणारा आरसीसीबी असता तरी तो गप्पच बसला असता, कारण गळती नव्हतीच. दिवेही मंदावले नाहीत. दहा अँपिअरला पाव ओहमवर अडीच व्होल्ट जातात, २३०मधले अडीच गेले तर डोळ्यांना काय कळणार? साध्या घरात या बिघाडाची खबर देणारं उपकरण नसतं. नाक, हात आणि तो डाग, एवढेच पहारेकरी.

वायरमन आला तेव्हा मी तिथे होतो. त्याने आधी मेन बोर्डातला एमसीबी पाडला, टेस्टर सॉकेटच्या आणि बटणाच्या टोकांना लावून खात्री केली, मग प्लेट काढली. न्यूट्रलच्या स्क्रूखाली दोन काळ्या वायरी होत्या. पेचकस लावला तर स्क्रू अर्धा आटा सहज फिरला. वायरींवरचं पीव्हीसी तीन बोटांपर्यंत कडक झालेलं. वाकवल्यावर भाजलेल्या पापडासारखं तुकडे होऊन पडलं. आत तांब्याची लाल चमक नव्हती, जांभळट काळा थर होता. “काकू, मागच्याने सॉकेट नवं बसवलं, पण वायर जुनीच अडकवली,” तो म्हणाला. सहा महिन्यांपूर्वीच्या दुरुस्तीचा हिशेब तिथे संपला.

तो काळा थर म्हणजे तांब्याचा ऑक्साइड, आणि तो तांब्यासारखा वीज वाहून नेत नाही. त्याच्यावर स्क्रू कितीही आवळला तरी मधे पडदा राहतोच. शिवाय एकदा इतकी तापलेली तार मऊ पडते, दाबाखाली दबत जाते, आणि रोज तापणं-निवणं चालू राहिलं की स्क्रू पुन्हा ढिला होतो. ढिला झाला की जास्त तापतो, तापला की जास्त ढिला होतो. सुरुवात बहुतेक वेळा क्षुल्लक असते: स्क्रू मुळात कमी आवळलेला, किंवा तो तांब्याऐवजी वायरीच्या कव्हरवरच बसलेला, किंवा भोकात मावत नाहीत म्हणून अर्ध्या तारा छाटून उरलेल्या कोंबलेल्या. जुन्या इमारतींत ॲल्युमिनियमची वायर असेल तर हे आणखी लवकर होतं.

वायरमनने दोन्ही वायरी लाल, चकचकीत तांबं लागेपर्यंत कापल्या. चार इंच गेले. पाइपातून थोडी ढील ओढून घेता आली म्हणून निभावलं. आली नसती तर ती वायर बदलावी लागली असती. मग त्याने एक काम केलं ते मला फार आवडलं. दोन्ही न्यूट्रल पुन्हा सॉकेटच्या स्क्रूखाली न घालता एका वेगळ्या कनेक्टरमध्ये घट्ट जोडल्या आणि तिथून आखूड तुकडा सॉकेटला दिला. आता बेडरूमचा करंट कनेक्टरमधून परस्पर जातो, सॉकेटला फक्त राउटरचा भार. सॉकेट अर्थातच नवं घातलं. किटलीसाठी मेन बोर्डातून स्वतंत्र वायर ओढायची असं ठरलं. लूपवर किटली चालवू नये हे माझंही मत.

सगळ्याच डागांचं कारण मागचा स्क्रू नसतो. प्लग काढून त्याच्या पिना बघा. एखादी पिन काळवंडलेली असेल आणि डाग त्याच भोकाभोवती असेल, तर दोष बहुधा आतल्या पितळी पकडीचा. ती स्प्रिंगसारखी पिनेला धरते. वापराने किंवा तापून तिची ताठरता गेली की प्लग सैल बसतो, आपल्या वजनाने खाली झुकतो. तिथे भार त्याच प्लगचा असतो, म्हणून हा प्रकार इस्त्री-मिक्सरच्या सॉकेटवर जास्त दिसतो. पकड चिमटून आवळणं हा इलाज नाही; सॉकेट आणि जळालेला प्लग दोन्ही बदलावे. याउलट पिना स्वच्छ आणि डाग प्लेटच्या कडेला असेल, तर मागच्या स्क्रूवर संशय घ्यावा. आणि एक साधी फसगत: मोबाइलचा चार्जर स्वतःच कोमट होतो. तो काढून अर्ध्या तासाने प्लेटला हाताची मागची बाजू लावा. निवली असेल तर ऊब चार्जरची होती. तरी गरम असेल तर ती नव्हे.

डाग आणि वास दोन्ही असतील तर वायरमन येईपर्यंत त्या सॉकेटचं बटण बंद करून भागत नाही, हे आता लक्षात आलं असेल. त्या लूपचा एमसीबीच पाडून ठेवायचा, तो कुठला हे कळत नसेल तर मेन. चरचर आवाज येत असेल, प्लेट मऊ पडली असेल, धूर दिसला तर प्लग ओढायला जाऊ नका, आधी मेन बंद. ज्वाळा दिसल्या तर पाणी मारायचं नाही, घराबाहेर पडून १०१ला फोन. प्लेट स्वतः उघडू नका, परवानाधारक वायरमनलाच बोलवा. आणि ‘एमसीबी मोठा टाकतो’ असं कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दुरुस्तीनंतर त्याने बेडरूममध्ये इस्त्री आणि किटली मुद्दाम एकत्र चालवून बघितली, किटली दोनदा भरून. हॉलमधली प्लेट थंड होती. जाताना मावशीने जुनं सॉकेट ठेवून घेतलं. मी तिला वायरीची ती चार इंची काळी टोकंही मागून घ्यायला सांगितली. तुमच्याकडे असं काम निघालं तर तुम्हीही मागा. नव्या सॉकेटबरोबर कापलेली टोकं हातात आली नाहीत, तर काम अर्धंच झालंय.